सात एकरात सहा माणसं : आमच्या घरच्या रोजांचा हिशोब

आज पिकावरचा रोग नाही की खताचा डोस नाही. आज माणसांचा हिशोब मांडतोय. मागं एकदा कृषी सहायक साहेबांबरोबर बांधावर बोलणं चाललं होतं, तेव्हा त्यांच्या तोंडून ‘छुपी बेरोजगारी’ हा शब्द आला. बारावीच्या अर्थशास्त्रात तो आपण सगळ्यांनी पाठ केलाय : शेतात गरजेपेक्षा जास्त माणसं असतात, त्यातली काही काढून घेतली तरी एकूण उत्पादन कमी होत नाही. पाठ केला, मार्क मिळाले, विसरलो. पण आमच्या घरात हे तीन हंगाम वहीत लिहिलं गेलंय, म्हणून सांगतो.

आमची सात एकर कोरडवाहू, लातूर भागातली मध्यम ते भारी जमीन. खरिपात सगळं सोयाबीन. तुरीच्या ओळी आहेत, पण त्या या हिशोबात धरल्या नाहीत. विहिरीवर दोन एकर हरभरा निघतो. घरात कामाची माणसं सहा : अण्णा, आई, मी, बायको, धाकटा भाऊ आणि भावजय. 2021 च्या खरिपात मी वहीत रोज लिहायला लागलो. कोण कुठं गेलं ते नाही, तर प्रत्यक्ष काम किती झालं ते. आठ तासांचा एक रोज. सकाळी दोन तास काम करून दिवसभर रानात बसलं तर पाव रोज.

सात एकराला त्या साली लागलेले रोज असे. ट्रॅक्टरनं पेरणी, बी-खत भरायला धरून 4. बैलानं दोन कोळपण्या, 12. खुरपणी 42. तीन फवारण्या, पाणी आणून देणाऱ्यासकट 12. काढणी 42. बनीम लावणं, झाकणं आणि मळणी 14. बांध, चर, राखण असलं किरकोळ 14. बेरीज 140. जनावरांचं रोजचं दोन तास धरलं तर आणखी 33. म्हणजे सगळे मिळून 173 रोज.

आता हातात किती होते बघा. दहा जून ते वीस ऑक्टोबर, त्यातून पावसाचे, सणाचे, लग्नकार्याचे दिवस वजा केले तर 110 दिवस धरू. गुणिले सहा माणसं, 660 रोज. काम 173 चं. चौथा हिस्सा झाला.

पण कुणाला विचाराल तर आम्ही सगळे दिवसभर शेतातच. आणि ते खोटं नव्हतं. हरभऱ्याला पाणी देताना बघितलं तर कळतं. एक जण दारं धरतो. दुसरा मोटार चालू आहे का बघायला जातो. तिसरा पाइपाचं जॉइंट गळतंय म्हणून त्यावर पाय देऊन उभा. अण्णा बांधावरून सांगतात, इकडं घे, तिकडं घे. चौघांचा दिवस गेला, पाणी तेवढंच बसलं. कुणीही आळशी नाही. काम वाटून घेतलं की ते सगळ्यांना पुरतं, म्हणून तर ती दिसत नाही. गावात नोकरी नसलेला पोरगा कट्ट्यावर दिसतो, शेतातला दिसत नाही.

(गंमत म्हणजे हा शब्द मुळात शेतकऱ्यासाठी नव्हताच. जोन रॉबिन्सन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1936 मध्ये तो वापरला, तो मंदीत कारखान्यातून सुटलेल्या आणि रस्त्यावर काडेपेट्या विकण्यासारखी कामं करणाऱ्या लोकांसाठी. आपल्याकडं तो नंतर आला आणि इथंच राहिला.)

2022 च्या होळीनंतर भाऊ-भावजय पुण्याकडं गेले, एका कारखान्यात कंत्राटावर. सहाचे चार झालो. आता पुस्तक म्हणतं उत्पादन घटायला नको. घटलं का? 2021 ला एकरी 7 क्विंटल होतं. 2022 ला 7 च्या वरच, एकूण 50 क्विंटल. 2023 ला साडेचार. तेव्हा गावात काही जण म्हणाले, माणसं गेली म्हणून रान पडलं. पण नुसता आपला आकडा बघून भागत नाही. 2023 चा ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाऊस नव्हता. शेजारी चुलतभावाचं रान आहे, जमीन तीच, वाण तोच, त्यांच्या घरातलं एकही माणूस बाहेर गेलेलं नाही. त्याचं 2022 ला साडेसात आणि 2023 ला साडेचारच. त्याच्याकडं माणसं होती, पाऊस नव्हता. आपल्या घरी हे तपासायचं असेल तर असा एक शेजारी धरा, नाहीतर पावसाचं पाप माणसांच्या माथी बसतं, किंवा उलटं.

म्हणजे दोन माणसांचं काम शून्य होतं? इथं मला पुस्तकाशी थोडं भांडायचंय.

वहीत 42 आकडा दोनदा आहे, खुरपणी आणि काढणी. खुरपणी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दहा दिवसांत उरकावी लागते, म्हणजे रोज चार-साडेचार माणसं. ती चौघांनी ओढून नेली. काढणीचं तसं नाही. सोयाबीन पिवळं पडून पानं गळाली की सात-आठ दिवस हातात. उशीर झाला तर शेंगा तडकून दाणा रानात सांडतो, आणि तेवढ्यात परतीचा पाऊस आला तर उभ्या झाडावर कोंब फुटतात. 42 रोज, सात दिवस. भागून बघा. बरोबर सहा माणसं.

आमचं कुटुंब वर्षभराच्या कामाच्या मानानं मोठं आहे, पण काढणीच्या सात दिवसांच्या मानानं अगदी मापात आहे. त्या आठवड्यात घरातला एकही माणूस जास्तीचा नसतो. उरलेल्या काळात चार जास्तीचे असतात. मग जास्तीचं माणूस कोणतं, हे नाव घेऊन सांगताच येत नाही. अमर्त्य सेन यांनी 1966 मध्ये हीच गोष्ट नीट फोड करून सांगितली होती : माणूस कमी झाल्यानं उत्पादन घटत नाही, याचा अर्थ कामाच्या तासाला किंमत नाही असा नव्हे. जाणाऱ्याचे तास राहिलेले लोक भरून काढतात.

आम्ही कसे भरून काढले? 2022 ला भाऊ-भावजयीच्या वाटणीची काढणी, म्हणजे 14 रोज, सव्वादोन-अडीच एकर, गुत्त्यानं दिली. त्या साली आम्हाला एकरी 3,500 पडले. मिळून आठ हजारांच्या आसपास. दोघांच्या अख्ख्या हंगामाची शेतातली भर रुपयात काढली तर ती एवढी. शून्य नाही, आठ हजार. आणि तीही एकाच आठवड्याची.

आता दुसरी बाजू. 50 क्विंटल, पाच हजाराचा भाव धरला, अडीच लाख. बी, खत, ट्रॅक्टर, फवारणी, मळणी मिळून एकरी पंधरा हजार, म्हणजे एक लाख पाच हजार खर्च. उरले 1 लाख 45 हजार. सहा जणांत वाटले तर माणशी चोवीस हजार. दोघं गेल्यावर गुत्त्याचे आठ हजार वजा करून 1 लाख 37 हजार, चौघांत माणशी चौतीस हजार. रान तेच, पीक तेच, आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला दहा हजार वाढले. भाऊ पैसे पाठवतो का, असं लोक विचारायचे. त्याला महिना चौदा हजार, त्यात पाच हजार खोलीभाडं, पाठवणार काय? तो तिकडं जेवत होता हीच त्याची मनिऑर्डर.

माणसं का हलत नाहीत तेही यात आहे. भाऊ घरी असताना शेतात आठ हजारांतल्या निम्म्याची भर घालत होता, पण ताटात चोवीस हजारांचा वाटा मिळत होता. आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये हेच मांडलं होतं, की घरच्या शेतीत माणसाला त्यानं घातलेल्या भरीइतकं नाही तर सरासरीइतकं मिळतं. म्हणून बाहेरच्या पगारानं आधी ती सरासरी ओलांडली पाहिजे, वर खोलीभाडं, वर परक्या गावाची भीती. आणि पूर्ण निघून गेलं तर सातबाऱ्यावरचा हक्क ढिला पडेल हा धाक वेगळाच. तो कुणी बोलून दाखवत नाही.

एक गोष्ट माझ्या वहीत पहिल्या वर्षी नव्हती, दुसऱ्या वर्षी बायकोनं लिहायला लावली. भावजय गेल्यावर धारा, शेण, पाणी, भाकरी सगळं तिच्या एकटीवर आलं. खुरपणीच्या दहा दिवसांत ती पहाटे साडेचारला उठायची आणि रात्री दहाला भांडी उरकायची. आईचे गुडघे दुखतात, तिच्याकडून होत नाही. सोयाबीन एक किलोनं घटलं नाही हे खरंय, पण ते तिच्या पाठीवर उभं होतं. “तुमच्या पुस्तकात माझं माणूस किती धरलंय?” असं तिनं विचारलं होतं. घरातली बाई जास्तीची आहे असं म्हणताना आपण नुसतं रान बघतो, चूल आणि गोठा बघत नाही.

आता आमच्या घरातला आजचा प्रश्न. भावाचं कंत्राट संपलंय, आणि त्याचा फोन आला, “दादा, दिवाळीनंतर परत येऊ का?” घर त्याचंही आहे, नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पण याच सात एकरात सोयाबीनमागं परत सहा माणसं लावली तर वही मला पाठ आहे. दोघं आले तर त्यांच्यासाठी रिकाम्या महिन्यांतलं काम पाहिजे. हरभऱ्यातलं अर्धं एकर कमी करून तिथं भेंडी घेतली तर तोडा एक दिवसाआड, दोन माणसं, सकाळचे तीन तास, साधारण दीड महिना. हिशोब करा, सतरा-अठरा रोज होतात. दोन म्हशी वाढवल्या तर रोजचे दोन-अडीच तास वर्षभर, हे मोठं काम. पण मार्चमध्ये आमची विहीर तासभर चालते. तेवढ्यात अर्धं एकर भेंडी आणि हिरव्या चाऱ्याचा एक तुकडा दोन्ही जगत नाहीत, एकच जगतं.

दोन रात्री बसून आम्ही आकडे मांडले. पाण्याच्या हिशोबानं एका माणसाचं काम निघतं, दोघांचं निघत नाही. म्हशी घेऊन भावजयीनं इथं राहावं, म्हणजे बायकोवरचा भारही निम्मा होईल, आणि भावानं दुसरं कंत्राट मिळेपर्यंत तालुक्याला काही बघावं, असं अण्णांचं मत आहे. भावजयीला मात्र पोरांची तिकडची शाळा सोडायची नाही. ते शनिवारी गावाकडं येणारेत. वही काढून ठेवलीय, या वेळी सहाही जण बसूनच बोलू.