आजीच्या ट्रंकेतला कापूर

साखर विरघळते, मेण वितळते, चंदन झिजते. कापूर मात्र उडतो. कापराच्या नाहीशा होण्याला मराठीने हे एकच क्रियापद राखून ठेवले आहे आणि ते शास्त्राच्या कसोटीवरही खरे उतरते. घन पदार्थाने द्रवरूप न होता थेट वायुरूप होणे, याला शाळेच्या पुस्तकात 'संप्लवन' म्हणतात. माझ्या आजीला तो शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला 'उडतो' पुरत होते आणि तेवढ्या एका शब्दाच्या आधारे ती कापराशी कसे वागायचे ते जाणत होती.

कापराचे व्याकरणही मोठे मौजेचे आहे. संस्कृत 'कर्पूर'चा प्राकृतातून 'कापूर' झाला. त्याला प्रत्यय लागताच मधला दीर्घ ऊकार नाहीसा होतो. कापूस – कापसाचा, लाकूड – लाकडाचा, तसा कापूर – कापराचा. अलीकडे 'कापूरचा वास' असे सर्रास ऐकू येते. आजीच्या तोंडी हे रूप कधी आले नसते. तिचा वास 'कापराचा'च होता.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यातले. वडील नोकरीनिमित्त बेळगावात होते. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की मीटरगेजच्या गाडीने देसूर, इदलहोंड करीत खानापूरला उतरायचे आणि पुढे बैलगाडी. मलप्रभेत डुंबणे, रानातली करवंदे, जांभळे, परसातला फणस, काजूची बोंडे, हा सुट्टीचा ठरलेला कार्यक्रम. त्यात वर्षातून एकच दिवस असा यायचा की त्या दिवशी कोणी रानात जात नसे. तो ट्रंक उघडण्याचा दिवस.

या भागातला पावसाळा अंगावर येणारा असतो. मृग लागला की भिंतींना ओल येते, दारे फुगतात आणि कपाटातल्या कापडाला बुरशी धरते. म्हणून मृगापूर्वी, मे महिन्यातला एखादा कोरडा, वाऱ्याचा दिवस बघून आजी ट्रंक उघडी. काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक होती ती. पुढे कडी-कोयंडा, दोन्ही बाजूंना धरायला कड्या, तळाशी जुन्या वर्तमानपत्राचा थर. आम्ही भोवती गोळा झालो की आजी म्हणायची, "उघडते, खरं आधी हात धुवून या." इथले 'खरं' म्हणजे 'सत्य' नव्हे. आमच्याकडे 'पण' या अर्थी 'खरं' म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हे 'खरं' नेहमी बुचकळ्यात टाकी.

हात धुणे सोपे नसे. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, त्याला खोबरेल तेल लागते. तेल चोळायचे, मग राख, मग पाणी. एवढे करून आम्ही उकिडवे बसलो की झाकण वर जाई आणि वास एकदम अंगावर येई.

तो इतका जोरात का येई, याचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. बंद पेटीतला कापूर थोडा उडाला की आतली हवा त्याच्या वाफेने भरते आणि पुढचे उडणे मंदावते. महिनोन्‌महिने ही भरलेली हवा पेटीत कोंडलेली असते. झाकण उघडताच ती सगळी एकदम बाहेर पडते. पाचेक मिनिटांनी नाकाला वासाची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम पाच मिनिटांचा हा अनुभव, आणि तोही दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच पडवीत, हाताला तेच खोबरेल लागलेले असताना. वासाची संवेदना मेंदूत भावना आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते, असे शरीरशास्त्र सांगते. ती वाट सर्वांनाच असते. पण कापराच्या वासासरशी मला मे महिनाच का आठवतो आणि देवळातली आरती का नाही, याचे उत्तर आजीच्या त्या एका दिवसात आहे. आरतीचा कापूर जळत असे. हा न जळलेला, कोंडलेला कापूर होता.

त्या दिवशी एकेक वस्त्र बाहेर निघे. सर्वांत वर इरकल लुगडी. अंग सुती, पदर रेशमी आणि लाल, त्यावर पांढरी नक्षी, तो टोपपदर. अंगाचे उभे सूत आणि पदराचे उभे सूत मागावर फासे घालून जोडलेले असते. आजी त्या जोडावरून बोट फिरवून दाखवायची. त्याखाली गुळेदगुड्डचे खण. खणांसाठी ट्रंकेत एक वेगळा कप्पा होता, त्यालाही आजी 'खण'च म्हणे. "खणातले खण काढ" हे वाक्य आम्हां मुलांना कोड्यासारखे वाटायचे. सर्वांत खाली तान्ह्या मुलाची कुंची. डोक्याला टोपडे आणि पाठीवर झूल. घरातली सगळी मुले तीच कुंची घालून बारशाला बसली होती.

रेशीम उन्हात घालायचे नाही, रंग उतरतो. पडवीच्या सावलीत दोरीवर वारा द्यायचा. घडी दर वर्षी वेगळ्या जागी घालायची, नाहीतर कापड घडीवरच फाटते. कापूर जरीला लागू द्यायचा नाही. मऊ सुती चिंधीत कापराच्या वड्या आणि पाच-सात मिऱ्या बांधून तिची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायची, जोडीला वेखंडाचे तुकडे. संध्याकाळी झाकण लागले की पुढच्या मेपर्यंत कारणाशिवाय ट्रंक उघडायची नाही. कापूर टिकवण्यातले निम्मे शहाणपण या शेवटच्या नियमात होते.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. घराची वाटणी झाली तेव्हा वाटणीपत्राचा मसुदा मीच केला. स्थावर मिळकतीच्या चतु:सीमा लिहिल्या, जंगमात तांब्या-पितळेची भांडी वजनासह लिहिली. ट्रंकेची नोंद 'पत्र्याची जुनी पेटी, एक' एवढीच झाली. ती आधी चुलत भावाकडे राहिली आणि गेल्या वर्षी त्यांनी घर बदलले तेव्हा माझ्याकडे बेळगावात आली.

मी ती उघडली तेव्हा मे महिना आला नाही. नाकात शिरला तो कोर्टाच्या रेकॉर्ड रूमचा वास. मधल्या काळात कोणीतरी आत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. दोन्ही पांढरे, दोन्ही उडणारे, दोन्ही कसरीला दूर ठेवणारे. पण डांबराची गोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि तो पदार्थ वेगळा. ओळखायची सोपी रीत आहे. तुकडा साध्या पाण्यात टाकावा. कापूर तरंगतो, डांबरगोळी बुडते. दोन्ही एका पेटीत ठेवू नयेत. उन्हाळ्याच्या उष्म्यात ती एकमेकांच्या संगतीने पाझरू लागतात आणि कापडावर डाग पडतो. मी गोळ्या काढल्या, कपडे आठवडाभर वाऱ्यावर ठेवले, ट्रंक पुसून उघडी ठेवली, आणि मग आजीच्या रीतीने पुरचुंडी बांधून झाकण लावले. उघडली ती या वर्षी मे महिन्यात.

त्या दिवशी मुलगी बंगळूरहून सुट्टीला आली होती आणि आत्याही आमच्याकडे होती. आत्या चौऱ्याऐंशीची, हल्ली मुलाकडे असते, तिथे तिच्याशी मराठीत बोलणारे थोडेच. तिचे बोलणे फार कमी झाले आहे. मी झाकण वर केले आणि तो वास आला. फणसाचा चीक, तेल, पडवीवरची दोरी, मलप्रभेहून आल्यावर ओल्या केसांवर आजीने फिरवलेला पंचा, सगळे एकदम. मी आत्याकडे वळलो.

ती म्हणाली, "मला काही येत नाही रे."

वय झाले की दृष्टी जाते, ऐकू येईनासे होते, तसे घ्राणेंद्रियही मंदावते. पुरचुंडी तिच्या नाकाशी धरली तरी चेहऱ्यावर काही उमटले नाही. मला काय करावे ते सुचेना. म्हणून मी एकेक वस्तू काढून तिच्या मांडीवर ठेवू लागलो आणि नाव घेऊ लागलो. इरकल. टोपपदर. तिने जोडावरून बोट फिरवले, अगदी आजीसारखे. "खणातले खण काढू का?" असे मी म्हणताच ती हसली. कुंची हातात आल्यावर बोलू लागली : ही तिच्या आईच्या माहेरून आली, ही घालून माझे वडील बसले, मग ती, मग आणखी कोण कोण. अर्धा तास ती बोलत होती. शेवटी पुरचुंडी चाचपून तिने विचारले, "मिऱ्या घातल्यास?"

मुलगी हे सगळे पाहत होती. तिला वास आला होता, आवडलाही होता. "बाबा, छान आहे, खरं ही टोपी कुणाची?" तिने कुंची उचलून विचारले. तिचे 'खरं' ऐकून मला बरे वाटले. 'टोपी' ऐकून मी थांबलो. तिच्याजवळ वास होता, शब्द नव्हता. आत्याजवळ वास उरला नव्हता, पण शब्द शाबूत होते आणि तिचा मे महिना त्या शब्दांतून परत आला.

त्या वाटणीपत्रातली नोंद मला आता अपुरी वाटते. कायद्याला तेवढी पुरे होती, कारण कायदा मिळकत ओळखतो. म्हणून मी दुसरी यादी केली. त्याच आठवड्यात आत्याजवळ बसून ट्रंकेतल्या प्रत्येक वस्तूचे नाव, ती कोणाची, कशासाठी वापरली जाई, कशी घडी घालायची, हे तिच्याच शब्दांत लिहून घेतले. जिथे ती मराठी आणि कन्नड दोन्ही नावे सांगे तिथे दोन्ही घेतली. अक्षर मुलीचे आहे. तिने एका ठिकाणी 'कापूरची पुरचुंडी' असे लिहिले होते. आत्याने वाचून घेताना तिला तिथेच थांबवले आणि 'कापराची' करून घेतले. एकूण तेवीस नोंदी झाल्या. कागद कापडाच्या पिशवीत घालून ट्रंकेत सर्वांत वर ठेवला आहे, आणि त्यावर पुढच्या वर्षी कापूर बदलण्याचा महिना लिहिला आहे.