कॅश क्रेडिट मर्यादावाढीचा ईमेल

खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागणाऱ्या ईमेलमध्ये शाखाधिकारी आधी एकच गोष्ट शोधतो: पैसा नेमका कुठे आणि किती दिवस अडकतो. प्रस्तुत लेखकाच्या कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यात साखर कारखान्यांसाठी सुटे भाग बनतात. गाळप नसताना कारखान्यांची दुरुस्ती चालते, त्यामुळे पावसाळ्यात या भागांना मागणी असते. मालाचे पैसे मात्र गळीत हंगाम सुरू झाल्यावर येतात. ओतीव काम आणि पोलाद त्याआधीच रोखीने घ्यावे लागते. मर्यादा 40 लाखांची होती आणि ऑगस्टपासून खाते तिच्या काठावरच असे.

विषयाच्या ओळीत ‘कॅश क्रेडिट मर्यादा 40 लाखांवरून 60 लाख करण्याबाबत’ एवढेच होते. आकड्याला आधार नायक समितीच्या सूत्राचा. लघुउद्योगाच्या अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरतात. त्यातले 20 टक्के बँक देते, 5 टक्के मालक घालतो. मागच्या वर्षीची विक्री 2 कोटी 40 लाख होती आणि पुढच्या वर्षी 3 कोटींची अपेक्षा होती. म्हणून बँकेकडून 60 लाख आणि स्वतःचे 15 लाख. हे 15 लाख ताळेबंदात दिसले पाहिजेत, नुसते लिहून भागत नाही.

सूत्रातले 25 टक्के म्हणजे पैसा साधारण तीन महिन्यांत फिरून येतो, असे गृहीतक. हंगामी धंद्यात ते पावसाळ्यात मोडते. म्हणून ईमेलमध्ये महिनावार तक्ता दिला: कच्चा माल, चालू काम, तयार माल आणि येणी. मागणीतला सर्वांत भक्कम भाग हाच, कारण वाढ थकलेल्या उधारीमुळे नसून कामामुळे आहे, हे त्यातूनच कळते. उधारी लांबल्याने पैसे हवे असतील तर बँकेला तो धोका वाटतो, आणि ते रास्तच आहे.

सोबत ताळेबंद, जीएसटीआर-3बी, हातातल्या ऑर्डरींच्या प्रती आणि ताजे स्टॉक स्टेटमेंट जोडले. जीएसटीतली विक्री आणि खात्यात जमा झालेली रक्कम बँक ताडून पाहते. विक्रीचा मोठा भाग दुसऱ्या बँकेतून फिरत असेल, तर तिथेच प्रकरण थांबते.

शाखाधिकाऱ्याने 3 कोटींचा अंदाज मान्य केला नाही. ऑर्डरी पाहून त्याने 2 कोटी 60 लाख धरले, म्हणजे 52 लाख मंजूर झाले. शिवाय सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी 8 लाखांची तात्पुरती मर्यादा मिळाली. हंगामी गरजेला हा उपाय अधिक योग्य, कारण वर्षभर मोठी मर्यादा उचलली जात नाही.

मंजूर मर्यादा मात्र पूर्ण वापरता येतेच असे नाही. दर महिन्याची ड्रॉइंग पॉवर स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते. सप्टेंबरात माल 38 लाखांचा होता आणि पुरवठादारांचे देणे 14 लाख; उरलेल्या 24 लाखांतून 25 टक्के मार्जिन वजा जाऊन 18 लाख राहिले. येणी 62 लाख होती, पण 90 दिवसांपुढची 6 लाख बँकेने धरली नाहीत. उरलेल्या 56 लाखांवर तेवढेच मार्जिन कापून 42 लाख आले. एकूण 60 लाख, म्हणजे त्या महिन्यात दोन्ही मर्यादा पुरेपूर वापरता आल्या.