खातं जुळलं, उत्तर चुकलं

गेली एकवीस वर्षं मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब लिहितो. त्यामुळे भाची अकरावी कॉमर्सला गेली तेव्हा घरात सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं, पुस्तपालनाचं मामा बघेल. रविवारी सकाळी मिसळीचं ताट बाजूला सरकवून ती वही उघडायची आणि मी चष्मा लावायचो.

त्या रविवारचं उदाहरण साधं होतं. सातपूरच्या एका वर्कशॉपने १ एप्रिल २०१९ रोजी ३,८०,००० रुपयांना लेथ घेतला. वाहतूक, पाया आणि जोडणी मिळून २०,००० खर्च झाला. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तो लेथ ३,००,००० ला विकला. घसारा दरसाल दरशेकडा १०. यंत्र खातं तयार करा.

जोडणीचा खर्च तिने यंत्राच्या किमतीत धरला होता. निम्मी मुलं तिथेच पडतात, म्हणून मी मनातल्या मनात एक मार्क देऊन टाकला. पुढे पहिल्या वर्षी ४०,०००, दुसऱ्या वर्षी ४०,०००, शेवटच्या सहा महिन्यांचे २०,०००. घसारा एकूण एक लाख, पुस्तकी किंमत तीन लाख, विक्री तीन लाख. ना नफा, ना तोटा. नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळलेल्या. मी म्हणालो, "टॅली झालं ना? मग बरोबर."

बुधवारी वही परत आली. त्या खात्यावर लाल शाईत एकच शब्द होता: "पद्धत?"

उदाहरणाची शेवटची ओळ पान उलटल्यावर होती. घसारा ऱ्हासमान शेष पद्धतीने काढा, असं तिथे लिहिलेलं. त्याआधीची सात उदाहरणं सरळ रेषा पद्धतीची असल्यामुळे तिचा हात त्याच वळणाने गेला होता. तिचं समजण्यासारखं आहे. मी तर पान उलटलंच नव्हतं.

"मग दुरुस्त कर," मी म्हणालो. सरळ रेषेत दर वर्षी मूळ किमतीवरच दहा टक्के, म्हणून आकडा हलत नाही. ऱ्हासमान शेषात वर्षाच्या सुरुवातीला जी किंमत उरली असेल तिच्यावर दहा टक्के, म्हणून आकडा दर वर्षी उतरतो. तिने मान डोलावली आणि पुन्हा मांडलं: पहिलं वर्ष ४०,०००, दुसरं ३,६०,००० वर ३६,०००, आणि शेवटचं अर्धं वर्ष १८,०००. पुस्तकी किंमत ३,०६,०००, तोटा ६,०००. दोन्ही बाजू पुन्हा जुळल्या.

या वेळी मी टॅलीचं नाव काढलं नाही. १८,००० कुठून आले, ते विचारलं.

"छत्तीस हजारांचं अर्धं, मामा. सहाच महिने आहेत ना."

इथे खरी गोम होती. छत्तीस हजार हा गेल्या वर्षीचा घसारा. त्याचं अर्धं करणं म्हणजे या वर्षीचाही पूर्ण घसारा तेवढाच असता, असं गृहीत धरणं. म्हणजे पुन्हा सरळ रेषाच. ती फक्त तिसऱ्या वर्षात लपून बसली होती. बरोबर आकडा असा निघतो: दुसऱ्या वर्षाअखेर उरले ३,२४,०००, त्यावर पूर्ण वर्षाचा घसारा ३२,४००, सहा महिन्यांचा १६,२००. पुस्तकी किंमत ३,०७,८००, तोटा ७,८००. खातं तिसऱ्यांदा जुळलं.

शून्य, सहा हजार आणि सात हजार आठशे, अशी तीन वेगळी उत्तरं आणि तिन्ही जुळणारी. तिने तिन्ही खाती शेजारीशेजारी ठेवली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला आजवर फसवतच आलो होतो. मग आम्ही घसारा आणि तोट्याची बेरीज केली. पहिल्यात १,००,००० अधिक शून्य. दुसऱ्यात ९४,००० अधिक ६,०००. तिसऱ्यात ९२,२०० अधिक ७,८००. प्रत्येक वेळी एक लाख. लेथ चार लाखांना आला, तीन लाखांना गेला, मधले एक लाख कुठल्या तरी नावाने खर्ची पडणारच. घसारा कमी लावा, तोटा तेवढा वाढतो. तोटा हा खातं जुळवणारा आकडा आहे. आधीची चूक तो गुपचूप पोटात घेतो. त्यामुळे खातं जुळण्यावरून पद्धत ओळखता येत नाही. पहिल्या वर्षावरूनही येत नाही, कारण ४०,००० तर दोन्हीकडे सारखेच.

मग आम्ही तपासायचं कसं ते ठरवलं. खातं झाकायचं आणि फक्त घसाऱ्याचे आकडे एका ओळीत लिहायचे. अपुऱ्या वर्षाचा आकडा आधी पूर्ण वर्षाचा करून घ्यायचा. ४०,०००, ३६,००० आणि १८,००० ची दुप्पट ३६,०००: दुसरा आणि तिसरा सारखे, म्हणजे इथे रेषा सरळ झाली. ४०,०००, ३६,०००, ३२,४००: प्रत्येक आकडा आधीच्याच्या नव्वद टक्के, म्हणजे ऱ्हासमान शेष. एवढ्यावरही भरवसा नसेल तर कॅल्क्युलेटरवर सरळ गुणाकार करावा. चार लाख गुणिले ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९५ म्हणजे ३,०७,८००. या वाटेत खातं येतच नाही, म्हणून खात्यातली चूकही येत नाही.

एका उदाहरणात दोन यंत्रं असतील तर मात्र एकूण घसाऱ्याची ओळ काहीच सांगत नाही. मधेच नवं यंत्र आलं की आकडा वर चढतो आणि गुणोत्तर बिघडतं. तिथे प्रत्येक यंत्राची ओळ वेगळी काढावी लागते.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मला चैन पडेना. आमच्याकडे मालमत्तेची दोन कोष्टकं असतात. कंपनीच्या पुस्तकांत घसारा सरळ रेषेने जातो, प्राप्तिकरासाठी मात्र ऱ्हासमान शेषाने, सर्वसाधारण यंत्रांना १५ टक्के. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य, म्हणून दोन्ही कोष्टकं एकाच फाइलमध्ये शेजारी नांदतात. मी प्राप्तिकराच्या कोष्टकात ओळी वाचत गेलो आणि १,२०,००० च्या काँप्रेसरपाशी थांबलो. पहिलं वर्ष १८,०००, दुसरं वर्ष १८,०००.

चौकटीवर क्लिक केलं. आत होतं:

```
=$C$4*15%
```

शेजारच्या कोष्टकातून सूत्र उचललं होतं आणि फक्त दर बदलला होता. डॉलरच्या चिन्हांनी ते मूळ किमतीला खिळून ठेवलं होतं. हवं होतं ते वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लक किमतीवर:

```
=E4*15%
```

१८,००० च्या जागी १५,३०० आले, आणि त्यापुढच्या वर्षी १३,००५. बेरजा तेव्हाही जुळत होत्या, आताही जुळत होत्या. फाइलच्या माहितीत शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव पाहिलं. माझंच होतं.

संध्याकाळी भाचीला फोन करून सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, बाकीच्या ओळी बघितल्या का?" काँप्रेसरखाली अजून अकरा ओळी होत्या. मी म्हटलं, उद्या.