नऊ बॅगांचा फरक

मेहकर तालुक्यातल्या एका शाळेच्या खोल्यांच्या कामावर मी स्टोअर सांभाळत होतो. पत्र्याचं गोदाम, एक टेबल आणि सिमेंटचं रजिस्टर. रजिस्टरात रकाने मोजकेच: तारीख, चलन नंबर, आवक, कोणत्या कामाला किती गेल्या आणि शिल्लक. वजाबाकी बरोबर आली की रजिस्टर बरोबर, असं मी तेव्हा समजत होतो.

पहिल्या स्लॅबच्या आदल्या दिवशी गोदामात 64 बॅगा होत्या. सकाळी 10 टनांचा ट्रक आला, म्हणजे 200 बॅगा. एकूण 264. सकाळपासून अंधार पडेपर्यंत स्लॅब भरला गेला. रात्री सुपरवायझरांनी चिठ्ठी पाठवली, ‘स्लॅबला 122’. मी तसं लिहिलं आणि शिल्लक काढली, 142.

दुसऱ्या दिवशी थप्प्या मोजल्या. आम्ही 10 बॅगांपेक्षा उंच थप्पी लावत नसू. त्यामुळे खालची बॅग दाबाने दगड होत नाही आणि मोजणीही सोपी जाते. 13 थप्प्या भरल्या आणि वर 3 उरल्या. म्हणजे 133. पुन्हा मोजल्या, तरी 133च. नऊ बॅगा कमी.

पहिला संशय चोरीचा येतो, आणि तो स्टोअरकीपरवर येतो. चौकीदार गावातलाच, तीन महिने माझ्याबरोबर जेवलेला. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. सुपरवायझर म्हणाले, “दादा, नऊ बॅगाईचं काय एवढं? पुढच्या कॉलमात टाकून दे नं.” रजिस्टर जुळलं असतं. पण कॉलममध्ये न गेलेलं सिमेंट कॉलमच्या नावावर चढलं असतं, आणि पुढे कॉलमला खरोखरच कमी पडलं असतं तरी कागदावर ते कधीच दिसलं नसतं.

मी मिक्सरकडे गेलो. तिथे रिकाम्या बॅगांचा ढीग अजून पडलेला होता. चौकीदाराला सोबत घेऊन दहा-दहाचे गठ्ठे बांधले. 13 गठ्ठे आणि एक सुटी. 131! गोदामातून 131 गेल्या आणि मिक्सरवर 131 फुटल्या. एकही बॅग साइटबाहेर गेली नव्हती. चूक चिठ्ठीत होती.

ती चिठ्ठी मिक्सरवर मोजून लिहिलेलीच नव्हती. नकाशावरून हिशेब केला होता: जिन्याची जागा वजा जाता स्लॅब 96 चौरस मीटर, जाडी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे 12 घनमीटर. बीमचं काँक्रीट 3. एकूण 15. आमचं मिश्रण एकास दीड, तीन. त्याला घनमीटरला सुमारे 8 बॅगा लागतात, म्हणून 120. जुन्या काँक्रीटच्या सांध्यावर ओतायच्या सिमेंटच्या पाण्यासाठी 2. झाल्या 122. हिशेब चोख होता, पण तो नकाशाचा होता. प्रत्यक्षात काय टाकलं, ते त्यात नव्हतं.

मग मी टेप घेऊन जिन्याच्या मोकळ्या कडेशी गेलो. तिथे स्लॅबची जाडी उघडी दिसते. साडेतेरा. बाहेरच्या कडेला चार ठिकाणी मोजलं, तिथेही तेवढीच. एक सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदीही नाही. पण 96 चौरस मीटरवर तो जवळजवळ एक घनमीटर होतो, म्हणजे 8 बॅगा. नववी मिक्सरजवळ फाटून मातीत सांडली होती. मुकादमाला ती चांगली आठवत होती.

रजिस्टरात मी जुना आकडा खोडला नाही. त्याच्यावर एक रेघ मारून बाजूला 131 लिहिलं, कारण लिहिलं आणि इंजिनिअर साहेबांची सही घेतली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, “आणि रिकाम्या 110च निघाल्या असत्या तर?”

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. जास्त गेलेलं सिमेंट कडेला टेप लावून सापडलं. कमी पडलेलं सिमेंट डोळ्यांना दिसत नाही. स्लॅब तसाच करडा, तसाच सपाट दिसतो आणि त्याच्याखाली पोरं बसतात. नकाशावरून लिहिलेल्या चिठ्ठीने तेव्हाही 122च सांगितलं असतं, आणि मी तेही मान खाली घालून उतरवलं असतं.

त्यानंतर मी रजिस्टरात दोन रकाने वाढवले: ‘नकाशाप्रमाणे’ आणि ‘रिकाम्या’. एक आकडा सुपरवायझर देणार, दुसरा मी स्वतः मोजणार, आणि मुकादम मिक्सरवर दर बॅगेला खडूची रेघ मारणार. कोणी कोणाचा आकडा आधी बघायचा नाही.

दुसऱ्या स्लॅबला साहेबांनी लोखंडी सळईवर साडेबारा सेंटिमीटरची खूण करून घेतली आणि काँक्रीट ओलं असतानाच ठिकठिकाणी ती खुपसून बघितली. रात्री कंदिलाच्या उजेडात चौकीदार आणि मी गठ्ठे बांधत होतो. मुकादम खडूच्या रेघा मोजून आला आणि आकडा न सांगता उभा राहिला. “तुमचं आधी होऊ द्या,” म्हणाला.