लग्नपत्रिकेच्या पाठीवरचं पानिपत

पूर्वी परीक्षेच्या आदल्या रात्री सबंध वाड्याला कळायचं की कुणाचा तरी पेपर आहे. मोठ्याने पाठांतर चालायचं, मधूनच स्टोव्हवर चहाचं आधण चढायचं आणि पलीकडच्या खोलीतून कुणीतरी "झोपा आता" असं ओरडायचं. आता दार लोटलेलं असतं, कानात इअरफोन असतात आणि फोनच्या उजेडात नुसता चेहरा दिसतो. अभ्यास चाललाय की मालिका, हे ओळखायची सोय नाही.

ताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची, म्हणजे 1983ची गोष्ट. आम्ही सांगलीला राहत होतो. विद्यापीठाची परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची, त्यामुळे जून ते मार्च जे काही शिकवलं असेल ते सगळं तीन तासांत ओकायचं. दुसऱ्या दिवशी मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर होता, 1707 ते 1818. ताईने स्वतःच्या वह्या मैत्रिणीला दिलेल्या, आणि मैत्रीण गावाला गेली ती वह्यांसकट. घरात होतं ते वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक आणि शेजारच्या दादाचं जुनं गाइड. पुस्तक सकाळी परत करायचं होतं.

गाइडात पानिपतच्या पराभवाची दहा कारणं एकाखाली एक दिली होती. यात्रेकरूंची गर्दी, रसद तुटणे, मित्रांचा अभाव, गनिमी काव्याचा त्याग, वगैरे. ताई पाठ करायला बसली. सातव्या कारणापर्यंत जायची आणि तिसरं विसरायची. पुन्हा पहिल्यापासून. दहाच्या सुमाराला दिवे गेले, कंदील आला, तरी तिसरं कारण काही येईना.

तेव्हा कागदाची चैन नव्हती. वह्या मोजून यायच्या आणि कोरे ताव परीक्षेसाठी राखून ठेवलेले. पण लग्नसराई होती. कोनाड्यात पत्रिकांची चळत पडलेली. एका बाजूला गणपती, मुहूर्त आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं', दुसरी बाजू कोरी. आई त्यावर वाणसामानाची यादी लिहायची. ताईने त्यातली एक ओढली. ठरवून काही केलं नाही, हे ती आजही सांगते. तिने पुस्तकातलं पानिपतचं प्रकरण सरळ गोष्टीसारखं वाचून काढलं, पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं आणि पत्रिकेच्या पाठीवर लिहायला लागली. पत्रिकेवर मावून मावून आठ-नऊ ओळी मावतात. दहा कारणं आणि त्यांची स्पष्टीकरणं बसणं शक्यच नव्हतं. म्हणून तिने यादी सोडली आणि एक वाक्य दुसऱ्याला 'म्हणून'ने जोडत गेली.

अशा तीन पत्रिका झाल्या, त्यातली शेवटची मी पाहिली आहे. मजकूर साधारण असा होता:

जानेवारी 1760 मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडला, म्हणून सदाशिवरावभाऊ मोठी फौज घेऊन उत्तरेला निघाला. फौजेबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबकबिले होते, म्हणून चाल मंद झाली आणि रोजचं धान्य अफाट लागू लागलं. शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला, सूरजमल जाट निघून गेला, म्हणून धान्य-पैसा पुरवणारा जवळचा मित्र उरला नाही. ते मिळवायला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, पण तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला, म्हणून तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध आला. दक्षिणेची वाट बंद, म्हणून पानिपतला खंदक खणून बसावं लागलं. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, म्हणून त्याचं धान्य चालू राहिलं, आपलं बंद. छावणीत उपासमार, म्हणून 14 जानेवारी 1761 ला बाहेर पडून लढावंच लागलं. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडला, भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरला, म्हणून फौजेला अंबारीत कुणी दिसेना आणि फौज फुटली.

आठ वाक्यं. पहिली पत्रिका लिहून झाल्यावर तिने पुस्तक उघडलं आणि लाल पेन्सिलीने चुका काढल्या. त्या खेपेला कुंजपुरा पूर्ण गळला होता आणि तिने सरळ लिहून टाकलं होतं, 'सूरजमल गेला, म्हणून पराभव झाला.' खरी गंमत इथे आहे. ती दोन वाक्यं स्वतःशीच मोठ्याने वाचल्यावर तिला 'म्हणून' खोटा वाटला. सूरजमल गेला आणि लढाई झाली, यांच्यात कित्येक महिने आहेत. त्या महिन्यांत काय झालं? ते शोधायला पुस्तक उघडलं तेव्हा कुंजपुरा सापडला, यमुना सापडली, आणि मराठे दिल्लीच्या उत्तरेला अडकले कसे हे पहिल्यांदा समजलं. गाइडातल्या 'रसद तुटणे' या दोन शब्दांत ते कधीच कळलं नसतं. जिथे 'म्हणून' बसत नाही तिथे आपल्याला विषय कळलेला नाही, ही खूण तिला त्या रात्री मिळाली.

दुसरी पत्रिका तिने पहिली न बघता लिहिली. तिसरी पहाटे, तोंड धुऊन आल्यावर. तोपर्यंत लाल खुणा दोन-तीनच उरल्या होत्या.

सगळंच या साखळीत बसलं असं नाही. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि गनिमी कावा सोडून बांधून केलेली लढाई, हे कुठल्या कडीला अडकवायचं हे तिला ठरवता येईना. तिने ते पत्रिकेच्या कडेला उभं लिहून ठेवलं. त्याला ती 'लटकते' म्हणायची. उत्तरात साखळी संपली की लटकत्यांचा वेगळा परिच्छेद करायचा, उगाच कुठेतरी घुसडायचं नाही. मला हा तिचा प्रामाणिकपणा आवडतो. गाइडवाला दहाही कारणांना एकाच वजनाचे आकडे देऊन मोकळा झाला होता.

मधल्या वेळात हुरूप येऊन तिने 1802च्या वसईच्या तहाला हात घातला. दुसरा बाजीराव इंग्रजांकडे का गेला, इथपर्यंत साखळी झकास चालली. यशवंतराव होळकराने पुणं जिंकलं, म्हणून बाजीराव पळाला, म्हणून वसईला पोचला. पण तहाची कलमं आली आणि 'म्हणून' संपला. कलमं ही यादीच असते, एकातून दुसरं निघत नाही. ती तिने मुकाट्याने घोकली. त्या रात्री पत्रिकेवर आली ती तीनच प्रकरणं. बाकीचा पेपर नशिबावर.

आता तिच्या नातीकडे येऊ. ती पुण्यात शिकते. सेमिस्टर पद्धत, त्यामुळे पेपर वर्षभर कुठला ना कुठला चालूच असतो. तिच्याकडे पुस्तकाची पीडीएफ आहे, सरांच्या स्लाइड आहेत, ग्रुपवर आलेल्या तीन जणांच्या नोट्स आहेत आणि अख्खा विषय एका बैठकीत उरकणारे यूट्यूबचे व्हिडिओ आहेत. वह्या घेऊन कुणी गावाला गेलं तरी तिचं काही अडत नाही. गेल्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती ताईकडे होती, मीही होतो. एका प्रकरणाची 'समरी' तिने आम्हाला दाखवली. प्रकरण बारा पानांचं, समरी चौदा पानांची.

"अगं, हे वाढलं कसं?" ताईने विचारलं.

"आजी, सगळंच इम्पॉर्टंट आहे ना! काही सोडायला भीती वाटते."

आमच्या वेळी सोडायचा प्रश्न हाताने सोडवला होता. हात दुखायचा, शाई संपायची, पत्रिका संपायची, म्हणून आपोआप निवड व्हायची. आता कापून चिकटवायला काही लागत नाही, पिवळा मार्कर फिरवायला तर त्याहून कमी. त्या चौदा पानांतली निम्म्याहून जास्त पानं पिवळी होती. पूर्वीची मुलं काही जास्त हुशार नव्हती. त्यांची पंचाईत मोठी होती, आणि त्या पंचाइतीने अर्धं काम केलं.

ताईने तिला पुस्तक मिटून लिही म्हटलं. घरात लग्नपत्रिका शोधली, मिळाली नाही. सगळी आमंत्रणं व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यांना पाठ नसते. पण पोरीने आजीची पद्धत जशीच्या तशी उचलली नाही, हे मला विशेष वाटलं. तिने फोनवरची पीडीएफ बंद केली आणि कॉमर्सच्या एका मैत्रिणीला एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवली, प्रकरण गोष्टीसारखं सांगत. मिनिट संपलं की थांबायचं, हा तिचा नियम. मैत्रिणीचं उत्तर आलं, "पण ते तिकडे गेलेच का?" नात गप्प झाली आणि प्रकरण उघडून बसली. म्हणजे तिचाही 'म्हणून' खोटा निघाला होता, फक्त तो दुसऱ्या कुणी पकडला. चौथ्या व्हॉइस नोटला मैत्रिणीने अंगठा पाठवला, मग ती झोपली.

यात एक मेख आहे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मिटवला आणि आठवून लिहायचा सराव केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर त्यांना 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. शिवाय आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. म्हणजे पेपर सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी गाइडावर नजर फिरवणाऱ्याला अगदीच वेडा म्हणता येत नाही. ताईच्या पद्धतीचा खरा फायदा आदल्या रात्री नाही, आदल्या महिन्यात आहे. तिला ती सापडली मात्र शेवटच्या रात्री. बहुतेकांना तेव्हाच सापडते, आणि निकाल लागल्यावर ते ती विसरतात.

ताई विसरली नाही. तिसऱ्या वर्षाला तिने जुलैपासूनच पत्रिका जमवायला सुरुवात केली. नातेवाईक म्हणायचे, हिला लग्नाची घाई झाली आहे.

दुसऱ्या वर्षाच्या त्या पेपरात मात्र पानिपतच्या कारणांवर प्रश्न आला नव्हता. परिणामांवर आला होता. ताईने पत्रिकेवरचं शेवटचं वाक्य घेतलं, त्याला 'म्हणून' लावला आणि पुढची साखळी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून तयार केली. पहिली कडी जून 1761 मधल्या नानासाहेबाच्या मृत्यूची होती. पुढे माधवरावाला कोवळ्या वयात पेशवाई आणि राघोबाशी भांडण. वाचलेलं होतं, फक्त जोडायचं बाकी होतं. त्या पेपरला तिला फर्स्ट क्लासचे मार्क मिळाले, बाकीच्या विषयांत सेकंड क्लास.

तुमच्या घरात कुणाचा पेपर असेल तर त्याच्या नोट्सची पानं मोजा. प्रकरणापेक्षा जास्त भरली तर पुस्तक काढून घ्या आणि हातात एखादा पाठकोरा कागद द्या.