ऑटोपे बंद केला, बिल नाही

नागपूरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून मी सामान हलवलं, त्या रात्री फोनमध्ये यूपीआयचं ॲप उघडून ऑटोपेच्या यादीत गेलो, ब्रॉडबँडचं नाव शोधलं आणि मॅन्डेट रद्द केला. पिन टाकताच रद्द झाल्याचा मेसेज आला. माझ्या लेखी तो विषय तिथेच मिटला.

मला असं वाटण्यामागे सवय होती. सिनेमे-मालिकांची ॲप्स अशीच बंद होतात. तिथे पैसे आधी आणि सेवा नंतर, म्हणून ऑटोपे तोडला की पुढचा हप्ता जात नाही. भरलेली मुदत संपते आणि कोणी मागे लागत नाही. आमचं ब्रॉडबँड मात्र पोस्टपेड होतं. पोस्टपेडमध्ये मॅन्डेट म्हणजे पैसे वळते करायला दिलेली परवानगी असते. ती काढून घेतली तरी कनेक्शनचा करार तसाच राहतो. बिल दर महिन्याला निघतं, फक्त भरलं जात नाही. त्या रात्री मी थकबाकीची सोय करून ठेवली होती आणि वर निवांत झोपलोही.

आम्ही तिघं होतो. मी सावरगावचा, दुसरा जाम नदीच्या पलीकडचा पांढुर्ण्याचा आणि तिसरा सौंसरचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यातली पहिली दोन गावं गोटमारीला नदीच्या दोन काठांवर उभी राहतात, पण नागपुरात आमचं भांडण झालं ते वायफायवरून. कनेक्शन माझ्या नावावर होतं. आधार माझं, नोंदवलेला मोबाइल माझा, ओटीपी माझ्याकडे. अर्जात ‘पर्यायी क्रमांक’ असा रकाना होता. तिथे मी बाबांचा नंबर टाकला होता आणि विसरून गेलो होतो.

महिन्याचं भाडं ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. डोक्यागणिक २३६. बिलाचं चक्र ५ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ४ तारखेपर्यंत, आणि पोस्टपेड असलं तरी भाडं आगाऊ. राउटरसाठी १००० रुपये अनामत होती, ती तिघांनी मिळून भरली होती. मी २० ऑगस्टला निघालो तेव्हा ४ सप्टेंबरपर्यंतचे पैसे भरून झाले होते.

पहिली चूक मी निघतानाच केली. माझ्या वाट्याचे १५ दिवस मी वापरणार नव्हतो, म्हणून ३१ दिवसांच्या हिशेबाने २३६ पैकी ११४ रुपये मी दोघांकडे परत मागितले. कॅल्क्युलेटरवर ते चोख होतं. पण मी गेल्यामुळे लाइनचा खर्च एका पैशाने कमी झाला नव्हता. वीज कमी जळते, सिलिंडर दोन दिवस जास्त पुरतो, पण वायफायचं भाडं दोघांनाही तेवढंच आणि दहांनाही तेवढंच. ११४ रुपये परत घेणं म्हणजे माझ्या जाण्याचा भुर्दंड त्यांच्यावर टाकणं. खोलीचं भाडं मी महिना संपेपर्यंतचं मुकाट्यानं दिलं होतं. इंटरनेटलाही तोच नियम लावायला हवा होता: ज्या चक्रात माणूस जातो ते चक्र त्याचं. त्याच्या जागी नवा माणूस आला, तर आल्या दिवसापासूनचा वाटा नव्याने द्यावा आणि तेवढाच गेलेल्याला परत मिळावा. आमच्याकडे नवा कोणी आला नाही. दोघांनी ते ११४ दिलेही नाहीत, आणि ते बरोबर होतं.

उलट मीच त्यांचं देणं लागत होतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. माझ्या खात्यावर सिनेमे-मालिकांच्या एका ॲपचं वर्षाचं सभासदत्व होतं, जानेवारीत तिघांनी पाचशे-पाचशे घालून घेतलेलं. खातं माझं, त्यामुळे ते माझ्यासोबत गेलं. साधारण चार महिने उरले होते, म्हणजे प्रत्येकाचे १६७ रुपये. सोडून जाणारा तो मागणारा, अशी माझी समजूत होती. पण पैशाची दिशा कोण गेलं यावर ठरत नाही, वस्तू कोणाकडे राहिली यावर ठरते. ज्याच्याकडे राहिली त्याने बाकीच्यांना द्यायचं.

ते खातं मी त्यांच्या टीव्हीवर उघडंच ठेवून आलो होतो, ही त्यातली पोटचूक. एका रात्री भाड्याने घ्यायच्या सिनेमाची रक्कम माझ्या कार्डावरून गेली. सौंसरचा शपथेवर सांगतो की रिमोट त्याच्या बुडाखाली दबला होता. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथून टीव्ही काढायला दोन मिनिटं लागतात, आणि ती निघायच्या दिवशीच द्यायची असतात.

नेटफ्लिक्सचं उलटं झालं. ते पांढुर्ण्याच्या मित्राच्या नावावर होतं. जुलै २०२३ पासून भारतात नेटफ्लिक्सचं खातं एका घरापुरतं झालं आहे, आणि घर कुठलं हे टीव्हीच्या इंटरनेटवरून ठरतं. नव्या खोलीत मी जुन्या प्रोफाइलवर थोडे दिवस पाहिलं, मग हे उपकरण घरात मोडत नाही असा संदेश आला. २०२२ पासून प्रोफाइल स्वतःच्या नव्या खात्यात हलवता येतं. पाहिलेलं, अर्धवट सोडलेलं, आवडीची यादी सगळं सोबत येतं. पण त्यासाठी प्रोफाइल जिवंत असावं लागतं. मी विचारीपर्यंत त्याने माझं पुसून टाकलं होतं. दोष त्याचा नव्हता, मी निघून दीड महिना झाला होता.

ऑक्टोबरात बाबांचा फोन आला. ते सावरगावात आपल्या संत्र्याच्या व्यापात, आणि त्यांना वसुलीवाल्याने हिंदीत झापलं होतं.

“काउन बे, कोनाचं देनं ठेवलं तू नागपुरात?”

“कोणाचंच नाही, बाबा.”

“मंग तो मले काउन म्हणते, आप के लडके का बकाया है? दोनदा फोन केला त्यानं. तुह्या मायसमोर.”

पर्यायी क्रमांकाचा उपयोग असा होतो. माझ्या नंबरवरही फोन येत होते, पण अनोळखी म्हणून मी ते उचलत नव्हतो.

कंपनीच्या ॲपमध्ये पाहिलं. सप्टेंबरचं बिल ७०८, ऑक्टोबरचं ७०८, उशिराचा आकार जीएसटीसह ११८, एकूण १५३४. कनेक्शनची स्थिती ‘तात्पुरती खंडित’. या शब्दांनी मला आणखी एकदा फसवलं असतं. बिल थकलं की कंपनी लाइन अडवते, पण अडवलेली लाइन बंद झालेली नसते. आमच्याकडे अडवलेल्या लाइनवरही नव्या चक्राचं भाडं चढलं होतं. कायमचं बंद करायची मागणी वेगळी, तिचा क्रमांक वेगळा, आणि ती नोंदवलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीशिवाय होत नाही. म्हणजे फ्लॅटमधल्या दोघांनी मनात आणलं असतं तरी त्यांना ती करता आली नसती. ते माझ्याच हातात होतं.

त्यांनी सप्टेंबरभर वायफाय वापरलं, महिनाअखेरीस ते बंद पडलं, मग त्यांनी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. नव्या लाइनमनने जुना राउटर काढून बाजूला ठेवला. पुढे तो माळ्यावर गेला.

मागणी नोंदवायला गेलो तर उत्तर मिळालं की आधी थकबाकी भरा आणि उपकरण परत करा, नाहीतर उपकरणाची किंमत अनामतीतून कापू. मी १५३४ भरले, गाडी पकडून नागपूरला गेलो आणि माळ्यावर चढलो. राउटर चपलांच्या खोक्यात सापडला. ॲडॅप्टर नव्हता. तो पांढुर्ण्याच्याने टीव्हीजवळच्या कसल्याशा डब्याला जोडला होता. ॲडॅप्टर नसेल तर परत केलेलं उपकरण अपुरं धरतात, त्यामुळे तो काढून घेतला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. राउटरच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. तो माझ्या खात्यातल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहिलं, दोन्हींचा फोटो काढला आणि घ्यायला आलेल्या माणसाकडून पोचपावतीचा मेसेज येईपर्यंत त्याला दारातून हलू दिलं नाही. या आधी केलेल्या सगळ्या ढिलाईचा सूड मी त्या बिचाऱ्यावर काढला.

१४ ऑक्टोबरला लाइन कायमची बंद झाली. चक्राचे २१ दिवस उरले होते, त्याचे ४८० रुपये परत धरले, पण ते मी मागितल्यावर. अंतिम बिलाच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हते. कंपनीच्या तक्रार केंद्राने ऐकलं नसतं, तर तक्रार क्रमांक घेऊन त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायची सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांत आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. मला अपिलापर्यंत जावं लागलं नाही. अनामतही पूर्ण आली.

मग तिघांनी चहाच्या टपरीवर हिशेब मांडला. सप्टेंबर दोघांनी वापरला, त्याचे ७०८ दोघांचे, प्रत्येकी ३५४. उशिराचे ११८ माझे, कारण न सांगता मॅन्डेट मी तोडला. ऑक्टोबरचे दहा दिवस कोणीच वापरले नाहीत, ते २२८ रुपयेही माझे, कारण लाइन बंद करणं माझं काम होतं. अनामतीतले ३३३ प्रत्येकाला परत. वजाबाकी केल्यावर त्यांच्याकडून मला येणं निघालं प्रत्येकी २१ रुपये. आणि मी त्यांना ॲपचे १६७ देणं लागत होतो, ते सौंसरच्याने बरोबर आठवणीत ठेवलं होतं.

निघायच्या आठवड्यात तिघं असेच बसलो असतो, तर दोनपैकी एकच गोष्ट करायची होती. एक तर नव्या आधारने कनेक्शन त्यांच्यापैकी एकाच्या नावावर करून घ्यायचं आणि माझ्या वाट्याची अनामत त्यांच्याकडून घ्यायची. ते जमत नसेल, तर आधी त्यांची नवी लाइन सुरू होऊ द्यायची आणि मग ४ सप्टेंबरच्या आत जुनीची बंदची मागणी नोंदवायची. क्रम उलटा केला तर मधले दिवस घरात नेट नसतं, आणि त्या भीतीपोटीच माणसं बंदची मागणी पुढे ढकलतात.

मी १६७ मधून २१ वजा करून दोघांना १४६ पाठवले. पांढुर्ण्याच्याने लगेच मेसेज केला, ॲडॅप्टरचे किती धरले?