कोल्डचा बटाटा

महाशिवरात्रीला आई बटाट्याचे वेफर तळायची ते सोनेरी निघायचे. आषाढीला तीच किसणी, तेच शेंगदाण्याचं तेल, पण वेफर तपकिरी आणि वर कडवट. "कोल्डचा माल," एवढं म्हणून ती मोकळी व्हायची. काका वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात होते. ते याच बटाट्याला 'गोड' म्हणायचे. गोड बटाटा कडू का लागावा, हे कोडं कॉलेजात रसायनशास्त्र घेतल्यावर सुटलं.

शिवरात्रीचा बटाटा शेतातून नुकताच आलेला. आषाढीचा मात्र शीतगृहात महिनोन्‌महिने काढलेला. 4 अंशांच्या आसपासच्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते, बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. काप तेलात पडला की तेल 180 अंशांवर असूनही काप शंभरीच्या आसपासच अडकतो, कारण आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. बुडबुडे जोरात आहेत तोवर रंग नाही. आधी कडा कोरड्या होतात, तिथलं तापमान 140च्या पुढे जातं आणि साखर अमिनो आम्लांशी भराभर जुळू लागते. खमंग वास आणि तपकिरी रंग त्यातूनच येतात. फ्रेंच डॉक्टर लुई कामीय मेयार यांनी 1912 मध्ये ही क्रिया मांडली. 140 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तासभर आटवलेली बासुंदी शंभरीतच बदामी होते ती याच क्रियेने, फक्त धिमेपणाने. वेफरला तेवढा वेळ कुठला?

पुडिंगसाठी आई डब्यात नुसती साखर जाळावर धरायची, तो प्रकार वेगळा. तिथे प्रथिनं नाहीतच. साखर 160-170 अंशांच्या सुमारास स्वतःच मोडते, सोनेरी होते, पुढे कडू. तिला कॅरामलचा वास येतो, भाजक्या शेंगदाण्याचा किंवा पोळीचा कधीच येत नाही. वेफर करपले की 'साखर जळली' म्हणतात, ते अर्धंच खरं. नुसती साखर असती तर इतका रंग इतक्या लवकर चढला नसता. बटाट्यात ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, ते साखरेला गाठतं. त्याच जोडीतून ॲक्रिलामाइड हे नकोसं द्रव्यही तयार होतं, म्हणून काळपट वेफर मी सरळ टाकून देते.

आता नेरूळला मी बाजारात 'शुगर-फ्री' बटाटा मागते. त्यात साखर अजिबात नसते असं नाही. तो 10-12 अंशांवर ठेवलेला असतो, म्हणून कमी गोड होतो. साधाच मिळाला तर दोन-तीन आठवडे फ्रीजबाहेर, अंधाऱ्या कोपऱ्यात पसरून ठेवते. बरीचशी साखर पुन्हा स्टार्चमध्ये जाते, थोडी बटाट्याच्या श्वसनात संपते. घाई असेल तर काप कोमट पाण्यात भिजवून, पुसून घेते. वरवरची साखर निघून जाते. आणि घाणा टाकण्याआधी एकच काप तळून बघते. बुडबुडे जोरात असतानाच कड तांबूस झाली, तर त्या बटाट्यांची भाजी.